थॉमसनच्या नळीतला ठिपका: ८/११० या आकड्याचा हिशेब

दोन समांतर पट्ट्यांमधून इलेक्ट्रॉनांचा झोत जातो, वाकतो आणि पुढच्या पडद्यावर कुठेतरी आदळतो. तो कुठे आदळेल, हे गणित भौतिकशास्त्राच्या बहुतेक विद्यार्थ्यांनी कधी ना कधी सोडवलेलं असतं. त्यातले आकडे सहसा उत्तर नीट यावं म्हणून बेतलेले असतात. इथे मी खरे आकडे घेतो आहे. केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत जे. जे. थॉमसन यांनी हा प्रयोग केला आणि १८९७ च्या ऑक्टोबरमध्ये ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’मध्ये त्याची मापं छापली. ती मापं इलेक्ट्रॉनच्या प्रभार आणि वस्तुमान यांच्या गुणोत्तराची, म्हणजे e/m ची, आजची किंमत घेऊन सूत्रांत घातली की उत्तर जुळत नाही, आणि थोडंथोडकं नाही, दुपटीहून जास्त चुकतं. ते का चुकतं याचा माग काढताना पडद्यावरचा ठिपका नेमकं काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे स्पष्ट होतं.

आधी नळी पाहू. एका टोकाला कॅथोड, त्याच्यासमोर बारीक चीर असलेला ॲनोड आणि त्यामागे तशीच चीर असलेला, जमिनीला जोडलेला दुसरा धातूचा अडसर. दोन्ही चिरांतून पार झालेला झोत अरुंद असतो. तो ॲल्युमिनियमच्या दोन समांतर पट्ट्यांमधून जातो. पट्ट्या ५ सेंमी लांब, २ सेंमी रुंद आणि एकमेकींपासून १.५ सेंमी अंतरावर. पुढे नळी रुंद होते आणि तिच्या टोकाच्या काचेवर झोत पडला की तिथे चमकणारा ठिपका उमटतो. म्हणजे काच हाच पडदा. ठिपका किती सरकला हे मोजायला नळीच्या बाहेरून मोजपट्टी चिकटवलेली होती.

नळीत हवा भरून, मग ती उपसून केलेल्या एका मापनाची नोंद अशी आहे. पट्ट्यांमधलं विद्युत क्षेत्र दर सेंटिमीटरला १५० व्होल्ट, म्हणजे पट्ट्यांवर २२५ व्होल्ट. झोत जेवढा वळला त्याचा चढ ८/११०. चुंबकाने तेवढंच वळण देण्यासाठी लागलेलं क्षेत्र ५.५ गॉस. यावरून थॉमसन यांनी काढलेला वेग सेकंदाला २.८ कोटी मीटर.

८/११० हे गुणोत्तर आहे. त्यामुळे पडदा किती दूर हे आपण आपल्या गणितासाठी ठरवू शकतो. मी तो पट्ट्यांच्या मध्यापासून ११ सेंमी, म्हणजे ११० मिमी अंतरावर धरतो. अशा पडद्यावर ठिपका ८ मिमी सरकलेला दिसायला हवा. अंतर पट्ट्यांच्या मध्यापासून का मोजायचं, ते थोड्या वेळात कळेल.

आता झोताबरोबर जाऊ. पट्ट्यांच्या आत इलेक्ट्रॉनवर फक्त आडव्या रेषेला लंब असं बल असतं, धन पट्टीच्या दिशेने. पुढे जाण्याचा वेग बदलत नाही आणि वर जाण्याचा वेग एकसारखा वाढत जातो. आडव्या फेकलेल्या चेंडूसारखाच हा मार्ग, म्हणजे अन्वस्त. पण तो फक्त पट्ट्या संपेपर्यंत. पट्ट्यांच्या बाहेर बल नाही, त्यामुळे तिथून पडद्यापर्यंत मार्ग सरळ रेषेचा असतो. या गणितात सर्वांत जास्त दिसणारी चूक इथेच होते: अन्वस्ताचं सूत्र पडद्यापर्यंत ताणलं जातं. तसं केलं तर पट्ट्यांच्या सुरुवातीपासून पडद्यापर्यंतचे १३५ मिमी इलेक्ट्रॉन सतत ओढला जातो असं मानल्यासारखं होतं आणि ठिपका खूपच वर जातो.

पट्ट्यांची लांबी l, मध्यापासून पडद्याचं अंतर L, पट्ट्यांमधलं क्षेत्र E, झोताचा वेग v. हिशेब दोन टप्प्यांचा आहे:

```
a    = (e/m)·E
t    = l/v
y1   = a·t²/2            (पट्ट्यांच्या टोकाशी)
tanθ = a·t/v             (बाहेर पडतानाचा चढ)
Y    = y1 + (L − l/2)·tanθ
```

पहिल्यांदा थॉमसन यांचेच आकडे घालू. त्यांनी काढलेलं e/m आजच्या एककांत सुमारे 7.7 × 10¹⁰ कूलोम दर किलोग्रॅम येतं. क्षेत्र दर मीटरला १५,००० व्होल्ट. त्वरण निघतं 1.15 × 10¹⁵ मीटर दर सेकंद वर्ग. पट्ट्यांमधून जायला १.७९ नॅनोसेकंद लागतात. तेवढ्यात झोत १.८ मिमी वर उचलला जातो आणि बाहेर पडताना त्याचा चढ ०.०७४ असतो. पट्ट्यांच्या टोकापासून पडद्यापर्यंत ८५ मिमी उरतात. त्यात तो आणखी ६.३ मिमी चढतो. बेरीज ८.१ मिमी. नोंदवलेले ८ मिमी आणि आपले ८.१ मिमी छान जुळतात. त्यांच्याच मापांतून निघालेलं e/m परत घातल्यावर ते जुळणारच होतं, पण निदान आपली सूत्रं बरोबर लागली याची खात्री झाली.

या बेरजेकडे जरा थांबून पाहण्यासारखं आहे. ८.१ पैकी १.८ मिमी पट्ट्यांच्या आतच मिळाले आहेत, म्हणजे पाचव्या हिश्शाहून जास्त. ते विसरून फक्त ८५ मिमीच्या सरळ वाटेचा हिशेब केला तर उत्तर ६.३ मिमी येतं. पडदा जितका जवळ, तितकी ही चूक महाग पडते. पण दोन टप्पे वेगवेगळे मोजायचीही खरं तर गरज नाही. पट्ट्यांच्या आत वर जाण्याचा वेग शून्यापासून एकसारखा वाढतो, त्यामुळे त्याची सरासरी शेवटच्या वेगाच्या निम्मी असते. शेवटच्या वेगानेच तेवढी उंची गाठायची असती तर निम्मा वेळ, म्हणजे निम्मं अंतर पुरलं असतं. म्हणून बाहेर पडणाऱ्या सरळ रेषेला मागे वाढवलं की ती मूळ आडव्या रेषेला बरोबर पट्ट्यांच्या मध्यावर भेटते. पडद्यावरून पाहणाऱ्याला झोत मध्यापर्यंत सरळ आला आणि तिथे एकदम मोडला असं वाटेल. त्यामुळे वरचं पाचवं सूत्र आटोपशीर होतं:

```
Y = L·tanθ
```

११० मिमी गुणिले ०.०७३६, म्हणजे ८.१ मिमी. अंतर मध्यापासून मोजायचं ते यासाठी. पडद्याचं अंतर पट्ट्यांच्या टोकापासून दिलं असेल तर त्यात निम्मी लांबी मिळवायची, एवढंच लक्षात ठेवलं तरी काम होतं.

गुरुत्वाकर्षणाचा विचार इथे एका वाक्यात संपतो. पट्ट्यांच्या सुरुवातीपासून पडद्यापर्यंत झोताला पाच नॅनोसेकंदांहून कमी वेळ लागतो आणि तेवढ्यात इलेक्ट्रॉन जितका खाली पडतो ते अंतर अणूच्या केंद्रकाहूनही लहान असतं.

आता e/m ची आजची किंमत घालू: 1.76 × 10¹¹. वेग तोच, २.८ कोटी. पट्ट्यांच्या टोकाशी झोत ४.२ मिमी उचललेला, चढ ०.१६८ आणि पडद्यावर ठिपका १८.५ मिमी. नोंद मात्र ८ मिमीची. सूत्र तेच, पट्ट्या त्याच, व्होल्ट तेच, तरी ठिपका दुपटीहून वर. इलेक्ट्रॉन तर बदललेला नाही, तेव्हा थॉमसन यांच्या मापांपैकी एखादं माप खऱ्याहून बरंच दूर असलं पाहिजे. कोणतं?

याचं उत्तर शोधायला मी ठिपक्याचं सूत्र वेगळ्या रूपात लिहितो. झोत ज्या वेगाने पट्ट्यांत शिरतो तो वेग त्याला कॅथोड आणि ॲनोड यांच्यामधल्या विभवांतराने दिलेला असतो. त्या विभवांतराला Va म्हणू. ऊर्जेचं समीकरण सांगतं की mv²/2 = eVa. पट्ट्यांवरचे व्होल्ट Vd, त्यांच्यातलं अंतर d. हे सगळं चढाच्या सूत्रात घातलं की e आणि m दोन्ही कटतात:

```
tanθ = (e/m)·E·l/v²  =  Vd·l/(2·d·Va)
```

या प्रकरणाचा गाभा हाच आहे असं मला वाटतं. पडद्यावरचा ठिपका इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानाबद्दल काहीही सांगत नाही. त्याच्या प्रभाराबद्दलही तो फक्त चिन्ह सांगतो, कारण झोत धन पट्टीकडे वळतो. इलेक्ट्रॉनच्या जागी त्याच Va मधून आलेला, हजारो पट जड असा ऋण आयन सोडला तरी तो याच ठिपक्यावर येऊन पडेल. तो हळू येईल, पट्ट्यांमध्ये जास्त वेळ राहील, जडपणामुळे कमी ओढला जाईल आणि या दोन्ही गोष्टी एकमेकींना तंतोतंत छेदतील. ठिपक्याला कळते ती फक्त दर प्रभारामागची ऊर्जा, म्हणजेच व्होल्ट.

ते व्होल्ट किती होते हे ८/११० वरून काढता येतं. २२५ गुणिले ५, भागिले १.५ ची दुप्पट, आणि पुन्हा भागिले ०.०७२७. उत्तर येतं सुमारे ५,१५० व्होल्ट. थॉमसन यांचा वेग आणि त्यांचं e/m घेऊन ऊर्जा काढली तर ५,१०० व्होल्टच्या आसपास येते. दोन्ही उत्तरं एकच आहेत. आता आजचं e/m घेऊन ५,१५० व्होल्टच्या इलेक्ट्रॉनचा वेग काढा: सेकंदाला ४.२६ कोटी मीटर. थॉमसन यांनी काढला होता २.८ कोटी. म्हणजे दीड पट फरक. आणि e/m = v²/(2Va) असल्यामुळे वेगातला दीड पट फरक e/m मध्ये वर्ग होऊन सव्वादोन पटींच्या पुढे जातो. आपल्या १८.५ आणि ८ मिमींतला फरकही तोच आहे. कोडं एका जागी येऊन थांबलं: ठिपक्याची नोंद आणि २.८ कोटी हा वेग एकमेकांत बसत नाहीत.

हा वेग आला कुठून? चुंबकातून. पट्ट्यांवरच्या विद्युत क्षेत्राने झोताला जेवढं वळण दिलं तेवढंच वळण देणारं चुंबकीय क्षेत्र लावायचं. दोन्ही वळणं सारखी झाली की v = E/B. दर मीटरला १५,००० व्होल्ट भागिले ५.५ गॉस म्हणजे 5.5 × 10⁻⁴ टेस्ला, उत्तर २.७ कोटी. छापलेले आकडे गोळाबेरीज केलेले असल्यामुळे २.८ च्या जागी एवढा फरक येणारच. कल्पना सुंदर आहे, आणि e/m वेगळं काढण्याची वाट यातूनच खुली झाली, कारण चुंबकीय बल वेगावर अवलंबून असतं आणि विद्युत बल नसतं. पण यात एक अट गृहीत आहे: झोत ज्या ५ सेंमीत विद्युत क्षेत्रात असतो नेमक्या त्याच ५ सेंमीत तो चुंबकीय क्षेत्रात असावा आणि दोन्ही क्षेत्रं त्या लांबीभर एकसारखी असावीत. प्रत्यक्षात v हा E आणि B यांच्या वाटेवरच्या एकूण बेरजांचं गुणोत्तर असतो.

आता एकेका संशयिताची दिशा तपासू. पट्ट्यांच्या काठावर विद्युत क्षेत्र एकदम संपत नाही, बाहेरही थोडं पसरतं. १.५ सेंमी अंतर आणि ५ सेंमी लांबी असताना हा पसारा नगण्य नाही. परिणामकारक लांबी समजा ५ ऐवजी ६ सेंमी धरली, तर e/m २० टक्क्यांनी वर सरकतं. दिशा बरोबर आहे, पण दुपटीचा फरक एवढ्याने भरत नाही. वेटोळ्यांचं चुंबकीय क्षेत्र पट्ट्यांच्या बाहेर पसरलेलं असेल तर मात्र परिणाम उलटा होतो: खरी बेरीज मानलेल्यापेक्षा मोठी निघते आणि दुरुस्त केलेलं e/m आणखी खाली जातं. B चं मापच जास्त आलेलं असेल, म्हणजे झोताच्या वाटेवरचं सरासरी क्षेत्र ५.५ गॉसपेक्षा कमी असेल, तर दिशा पुन्हा बरोबर होते. इथे B चा वर्ग येतो, त्यामुळे थोडी चूकही मोठी होते. B दहा टक्के जास्त धरला तर e/m सतरा टक्के कमी निघतं. या प्रयोगात ठिपक्याच्या जागेपेक्षा चुंबकाच्या मापावर जास्त जीव लावायला हवा, तो या वर्गामुळे.

आणखी एक संशयित आहे, आणि त्याचा इतिहास थॉमसन यांच्याही आधीचा. हाइनरिख हर्ट्झ यांनी १८८३ मध्ये कॅथोड किरण अशाच प्रभारित पट्ट्यांमधून पाठवले आणि ठिपका हललाच नाही. त्यावरून किरणांना प्रभार नाही असा निष्कर्ष निघाला. थॉमसन यांनाही सुरुवातीला तसंच दिसलं. मग त्यांनी नळीतली हवा आणखी उपसली आणि ठिपका हलू लागला. कारण असं की झोत वाटेतल्या उरल्यासुरल्या वायूचं आयनीभवन करतो. धन आयन ऋण पट्टीजवळ जमतात, ऋण प्रभार धन पट्टीजवळ, आणि मधल्या पोकळीतलं क्षेत्र जवळजवळ नाहीसं होतं. पट्ट्यांना जोडलेली बॅटरी २२५ व्होल्टच दाखवते, पण झोताला ते जाणवत नाहीत.

हा दोष ओळखायचा कसा? वायू कारणीभूत असेल तर ठिपका व्होल्टच्या प्रमाणात सरकत नाही. चांगल्या निर्वातात मात्र दुप्पट व्होल्टला दुप्पट सरकणं मिळतं, आणि थॉमसन यांनी हे प्रमाण तपासून नोंदवलं आहे. आपल्या कोड्यापुरतं पाहिलं तर वायू निर्दोष ठरतो. त्याने E खऱ्या अर्थाने कमी केलं असेल तर e/m = E·θ/(B²·l) मध्ये थॉमसन यांनी जास्त E घातलं असं होईल आणि त्यांचं e/m खऱ्याहून मोठं यायला हवं होतं. ते लहान आलं आहे.

ठिपका किती वर जाऊ शकतो यालाही मर्यादा आहे, आणि ती गाठताना सूत्र काही सूचना देत नाही, मुकाट्याने आकडा देत राहतं. झोत मधून शिरतो, त्यामुळे पट्टीवर आदळण्याआधी त्याला फक्त ७.५ मिमी उचलायची मुभा आहे. पट्ट्यांच्या टोकाशी १ मिमी उचललं तर पडद्यावर ते 2L/l पट, म्हणजे ४.४ पट दिसतं. म्हणून पडद्यावर ३३ मिमीच्या वर ठिपका मिळूच शकत नाही. वेग, e/m, व्होल्ट काहीही असोत, हे बंधन निव्वळ भूमितीचं आहे. उत्तर ३३ मिमीपेक्षा जास्त आलं तर ते गणितात कितीही बरोबर असलं तरी पडदा कोराच राहील. ५,१५० व्होल्टच्या झोतासाठी ही वेळ पट्ट्यांवर सुमारे ९३० व्होल्ट लावल्यावर येते. त्याच्या थोडं आधीच ठिपका एका बाजूने खाल्लेला दिसू लागतो, कारण झोताला जाडी असते आणि त्याची वरची कड पट्टीला आधी लागते.

ठिपक्याच्या रुंदीचं दुसरं कारण Va मध्ये असतं. थॉमसन यांची नळी इंडक्शन कॉइलवर चालायची आणि अशा कॉइलचं विभवांतर स्थिर नसतं. चढ Va च्या व्यस्त प्रमाणात असल्यामुळे Va दहा टक्के हलला की ८ मिमीवरचा ठिपका सुमारे ०.८ मिमी वरखाली पसरतो. पट्ट्यांवरचे व्होल्ट काढून घेतल्यावर हा पसारा नाहीसा झाला आणि लावल्यावर परत आला, तर दोष झोताच्या वेगात आहे. व्होल्ट नसतानाही ठिपका तेवढाच जाड असेल, तर दोष चिरांच्या रुंदीत शोधावा.

आजच्या प्रयोगशाळेतल्या नळीत तापवलेली तार इलेक्ट्रॉन देते आणि ॲनोडचा व्होल्टेज मीटरवर थेट वाचता येतो. तिथे हे प्रकरण उलट क्रमाने करावं असं मी सुचवेन. आधी चुंबक बाजूला ठेवायचा. Va स्थिर ठेवून Vd वाढवत जायचं आणि Y चा आलेख काढायचा. तो सरळ रेषेत आला तर निर्वात ठीक आहे. रेषेचा चढ l·L/(2·d·Va) एवढा असतो. त्यात l सोडून सगळं मोजपट्टीने आणि मीटरने कळलेलं असतं, म्हणून काठाबाहेरच्या पसाऱ्यासकट परिणामकारक लांबी यातून हाती येते. पट्ट्यांच्या प्रत्यक्ष लांबीपेक्षा ती थोडी जास्त निघाली पाहिजे. कमी निघाली तर बहुधा L मध्याऐवजी पट्ट्यांच्या सुरुवातीपासून मोजलेलं असतं. ही लांबी ठरल्यावरच चुंबक लावायचा, आणि B वेटोळ्याच्या मध्यावर एकदाच न मोजता झोताच्या वाटेवर दर सेंटिमीटरला मोजून त्याची बेरीज घ्यायची.